नाकाचा बाल: कापायचा, उपटायचा नाही

इस्लापूरच्या आमच्या घरी पडवीतल्या खांबाला आरसा टांगलेला होता आणि त्या आरशामागे एक चिमटा खोचलेला असे. पायात काटा मोडला की तोच चिमटा, आणि लग्नाकार्याला निघायच्या आधी थोरल्या काकांच्या नाकातले केस काढायलाही तोच. काका मान मागे टाकायचे, नाकपुडी फाकवायचे, एक केस चिमट्यात धरायचे आणि झटका द्यायचे. डोळ्यांत टचकन पाणी यायचं, एखादी जोरदार शिंक यायची. मग पुढचा केस. आम्ही पोरं समोर बसून हसायचो.

एका उन्हाळ्यात हिमायतनगरकडच्या एका लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी असंच केलं. लग्नात ते छान होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाकाचा शेंडा दुखायला लागला. तिसऱ्या दिवशी तो लाल होऊन टणक झाला, चष्मा टेकवला तरी कळ येते का म्हणून विचारलं तर म्हणाले, "चष्म्याचं सोड, वरचा ओठ हलवला तरी ठणकतंय." आजीनं उजेडात नेऊन पाहिलं आणि एका शब्दात निदान केलं, "केसतूड झालंय रे तुला."

या एका शब्दात अर्धं वैद्यकशास्त्र आहे. केस तुटला किंवा उपटला गेला, त्याच्या मुळाशी जखम झाली, तिथे पू धरला, म्हणून केसतूड. आपल्या भाषेत दुसराही एक शब्दप्रयोग आहे. एखादा माणूस कुणाच्या फार मर्जीतला असला की तो त्याच्या 'नाकाचा बाल' आहे असं म्हणतात. ज्याला हात लावलेला खपत नाही, तो. नाकातल्या केसाला ओढ बसली की काय होतं, हे हा शब्द पाडणाऱ्यांनी नक्की अनुभवलेलं असणार.

तर काकांच्या नाकात झालं काय होतं? नाकपुडीचा अगदी पुढचा, बोट सहज जातं तेवढा भाग कातडीचा असतो. केस फक्त याच भागात उगवतात. त्याच्या मागे ओलसर, गुलाबी अस्तर सुरू होतं, तिथे असे केस नसतात. प्रत्येक केसाचं मूळ कातडीतल्या एका बारीक खळग्यात रुतलेलं असतं. केस कापला तर खळग्याला काही कळतही नाही. केस उपटला तर तो खळगा आतून सोलवटतो आणि काही काळ उघडं भोक राहतं. आता नाकपुडीचा हा पुढचा भाग म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या जंतूचं आवडतं घर. साधारण दर तीन-चार धडधाकट माणसांमागे एकाच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो. एरवी तो काही त्रास देत नाही. पण त्याला उघडं भोक मिळालं, आणि वर काटे काढायचा चिमटा न धुता आत गेला, की तो मुळाशी उतरतो. मग दोन-तीन दिवसांत गळू तयार होतं. नाकाच्या शेंड्याची कातडी खालच्या कूर्चेला घट्ट चिकटलेली असते, सूज पसरायला जागाच नसते. त्यामुळे हरभऱ्याएवढं गळूसुद्धा माणसाला रडवतं.

दुखणं हा झाला एक भाग. दुसरा भाग असा, की वरच्या ओठाच्या दोन कोपऱ्यांपासून दोन भुवयांच्या मधल्या जागेपर्यंतचा जो त्रिकोण आहे, त्यातल्या शिरांचा संबंध डोळ्यांमागच्या शिरांशी आणि तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्ताच्या पोकळीशी येतो. या त्रिकोणातलं गळू पिळलं तर जंतू त्या वाटेनं मागे जाऊन तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. प्रतिजैविकं आल्यापासून हे फार दुर्मीळ झालं आहे, प्रत्येक केसतूडाला घाबरायचं कारण नाही. पण झालं तर जीवावर बेततं, म्हणून नाकातलं गळू कधीही पिळायचं नाही. ते पिकलेलं दिसलं तरी नाही.

काकांनी पिळलं नाही, कारण आजीनं हात धरला. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्यानं दिवसातून तीन-चार वेळा शेक दिला आणि चौथ्या दिवशी डॉक्टरला दाखवलं. त्यांनी आधी साखर तपासली, मग नाकपुडीत लावायचं मलम आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आठवड्यात उतरलं. डॉक्टरांनी जाताना जे बजावलं ते मी तेव्हा ऐकलं होतं आणि अजून विसरलो नाही: सूज पापणीपर्यंत चढली, थंडी वाजून ताप आला, डोकं ठणकायला लागलं, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, यातलं काहीही झालं तर गावात थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. इस्लापूरच्या माणसाला हे सांगावंच लागतं, कारण कान-नाक-घशाचा तज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकदा नांदेडच गाठावं लागतं. ते काही जवळ नाही, आणि माणूस "उद्या बघू" म्हणतो. मधुमेह असेल त्यानं तर साध्या केसतूडालाही दोन दिवस वाट पाहू नये.

मग हे केस मुळात ठेवायचेच कशाला, असा प्रश्न येतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवशी यंत्राच्या तोंडाशी जो उभा राहिला आहे, त्यानं रात्री नाक शिंकरल्यावर रुमालात काय येतं ते पाहिलेलं असतं. भुसकटाचे कण, माती, शेंगांवरची लव. नाकातल्या केसांवर श्वासाबरोबर येणारे हे जाड कण अडकतात. बारीक कण पुढे जातात, त्यांना आतलं ओलं अस्तर आणि शेंबूड पकडतो. म्हणजे केस ही पहिली जाळी आहे, एकमेव नव्हे. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी 2011 साली हंगामी सर्दीच्या 233 रुग्णांचे नाकातले केस पाहिले. ज्यांच्या नाकात केस फार कमी होते किंवा नव्हतेच, त्यांच्यात दम्याचं प्रमाण 44.7 टक्के होतं. ज्यांच्यात भरपूर होते त्यांच्यात 16.7 टक्के. यावरून केस कापले की दमा होतो असं ठरत नाही. ती माणसं मुळातच कमी किंवा जास्त केसांची होती, कापणाऱ्यांचा तो अभ्यासच नव्हता. पण नाकपुडी पार साफ करू नये, एवढं सांगायला मला तो पुरेसा वाटतो. मळणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर मी काकांचे केस टोकांपुरतेच कापतो.

केस किती असतात, याचीही मोजणी झालेली आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी वैद्यकीय शिक्षणासाठी दान केलेल्या देहांच्या नाकपुड्यांतले केस मोजले. एका नाकपुडीत सरासरी 110 ते 120 केस निघाले, लांबी सेंटिमीटरच्या आसपास. या कामाला 2023 साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू येतं आणि मग विचार करायला लावतं अशा संशोधनाला देतात ते बक्षीस. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच, की एका नाकपुडीतल्या शंभर-सव्वाशे केसांपैकी बाहेरून दिसणारे थोडेच असतात. कापायचे ते तेवढेच. बाकीच्यांना हात लावायचं कारणच नाही.

आता हात कसा चालवायचा ते सांगतो. आंघोळीनंतरची वेळ चांगली. वाफेनं आणि पाण्यानं मेकूड मऊ झालेलं असतं, आधी हलकेच शिंकरून नाक मोकळं करून घ्यायचं. सर्दी झाली असेल, नाकात आग होत असेल किंवा खपली असेल तर त्या दिवशी कापायचंच नाही. खिडकीसमोर, तोंडावर उजेड येईल असं बसायचं. कात्री गोल टोकांची हवी, लहान मुलांची नखं कापायला मिळते तशी. शिवणकामाची टोकदार कात्री नको आणि मिशीची कात्रीही नको, कारण तिचं टोक कुठे आहे ते नाकात दिसत नाही. पाती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची आणि स्पिरिट वाळू द्यायचं, नाहीतर आत झोंबतं.

मान मागे टाकायची नाही. काका करायचे ती चूक हीच होती. मान मागे टाकली की नाकपुडीचा तळापर्यंतचा भाग दिसतो आणि सगळेच केस काढावेसे वाटतात. मान सरळ ठेवायची, डाव्या हाताच्या अंगठ्यानं नाकाचा शेंडा किंचित वर उचलायचा आणि त्या अवस्थेत जे केस कडेच्या बाहेर डोकावतात तेवढेच कापायचे. कात्रीची पाती नाकपुडीच्या कडेला समांतर ठेवायची, आत रोखायची नाहीत. पात्याचं टोक आत गेलंच तर तुमच्या करंगळीच्या नखाच्या निम्म्याहून जास्त नको. मुळाशी कापायचं नाही, दोन-तीन मिलिमीटर खुंट ठेवायचा. श्वास रोखून दोनदा कात्री चालवायची, थांबायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, मग पुन्हा. शेवटी पाण्यानं नाक धुऊन हलकेच शिंकरायचं, म्हणजे कापलेले तुकडे आत जात नाहीत.

एवढं करूनही कधी रक्त येतं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग हा रक्तवाहिन्यांचं जाळं असलेला भाग आहे, मुलांच्या नाकातून उन्हाळ्यात रक्त येतं ते इथूनच. कात्री तिथे लागली तर घाबरून आडवं व्हायचं नाही. बसून पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी गच्च दाबायचा आणि घड्याळ लावून 10 ते 15 मिनिटं सोडायचा नाही. मधेच "थांबलं का" म्हणून बोटं काढून बघितलं की पुन्हा वाहतं. अर्ध्या तासात थांबलं नाही तर दवाखाना. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, हात थरथरत असेल किंवा मोतीबिंदूनं नीट दिसत नसेल, तर स्वतः कात्री हातात घ्यायचीच नाही, घरातल्या दुसऱ्यानं केस कापायचे. काकांचे केस मी कापू लागलो ते त्यांचा हात थरथरायला लागल्यावरच.

पाचएक वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी सेलवर चालणारा ट्रिमर आणला. हे साधं यंत्र आहे: पेनाएवढी दांडी, तिच्या टोकाला फटी असलेली धातूची टोपी, आणि टोपीच्या आत फिरणारं पातं. केस फटीतून आत शिरतो आणि तिथे कापला जातो. पातं टोपीच्या आतच राहतं, कातडीला थेट लागत नाही, म्हणून थरथरत्या हातासाठी ते कात्रीपेक्षा बरं. पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. सेल उतरला की पातं मंद फिरतं आणि केस न कापता ओढतं, म्हणजे पुन्हा उपटल्यासारखंच झालं. ओढ जाणवली की यंत्र बंद करून न घाबरता बाहेर काढायचं आणि सेल बदलायचा. सेल नवा असूनही ओढ बसत असेल तर पातं बोथट झालं आहे. दुसरी गोष्ट, यंत्र नाकात घालण्याआधीच चालू करायचं आणि दाबायचं नाही, नुसतं कडेवरून फिरवायचं. वापरून झाल्यावर टोपी उघडून केस झटकायचे, पाणी चालत असेल तर धुऊन वाळवायची, नाहीतर स्पिरिटनं पुसायची. आणि हा ट्रिमर एकाच माणसाचा. नाकातला जंतू घरभर वाटायचं ते साधन होता कामा नये.

हे किती दिवसांनी करायचं, हे सगळेच विचारतात. तिशीच्या आतल्या माणसाला कित्येकदा महिना-दीड महिना बघायलाही लागत नाही. चाळिशीनंतर पुरुषांच्या नाकातले आणि कानांवरचे केस जाड आणि लांब व्हायला लागतात. डोक्यावरचे विरळ होत जातात तेव्हाच हे वाढतात, कारण पुरुषी संप्रेरकांचा परिणाम अंगाच्या वेगवेगळ्या जागी वेगवेगळा होतो. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग गळतो. वयाबरोबर नाकाकानांतल्या केसांचा वाढायचा काळ लांबतो, म्हणून जो केस पूर्वी कडेपर्यंत पोचायच्या आत गळायचा तो आता बाहेर येतो. या वयात दोन-तीन आठवड्यांनी एकदा टोकं कापली की पुरतं. साठीनंतर काहींना दर पंधरवड्याला लागतं. बायकांना तर बऱ्याचदा लागतच नाही. पण खरं माप कॅलेंडरात नाही, आरशात आहे: मान सरळ, आरसा हातभर लांब, आणि केस दिसतो का? दिसत नसेल आणि गुदगुल्याही होत नसतील तर कात्री परत ठेवायची. आठवड्याच्या आत पुन्हा कापावंसं वाटलं तर समजायचं, की आपण मान मागे टाकून बघतो आहोत.

कापल्यानं केस राठ होतात, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. तसं होत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून बोटाला तो जाड लागतो. मुळाला वर कापल्याची बातमी पोचत नाही.

सलूनमध्ये बसल्यावर दाढी झाली, की कारागीर विचारतो, "मामा, नाकातले काढू का?" आणि उत्तराआधीच कात्री आत गेलेली असते. त्याचा हात आपल्यापेक्षा सफाईदार असतो, यात शंका नाही. पण तीच कात्री आधी कुणाच्या नाकात होती ते विचारायला संकोच करू नये. रक्ताचा बारीकसा थेंब वाळून पात्यावर राहिला, तर त्यातला हिपॅटायटिस बीचा विषाणू सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. दाढीचं ब्लेड आता सगळीकडे नवं लावतात, गिऱ्हाइकाच्या समोर पाकीट फोडतात. कात्रीला मात्र तो नियम कुणी लावत नाही. काका आता आपली गोल टोकाची कात्री खिशात घालून नेतात आणि म्हणतात, "हिनं काढ बाळा, माझी आहे." कारागीर हसून घेतो आणि त्याच कात्रीनं काढतो. शहरातल्या दुकानांत आता गरम मेण काडीला लावून नाकात घालतात आणि एका झटक्यात सगळे केस ओढून काढतात. तो चिमट्याचाच मोठा भाऊ आहे. शंभर भोकं एकदम उघडी पडतात. माझं मत विचाराल तर ते करूच नये.

कानाची गोष्ट नाकापेक्षा वेगळी आहे. कानाच्या पाळीवर आणि भोकासमोरच्या छोट्या उंचवट्यावर जे लांब केस येतात ते उतारवयातल्या पुरुषांचे, आणि ते आपल्याकडे जरा जास्तच दिसतात. कान केसाळ असणाऱ्यांचे जगातले विक्रमही भारतातलेच: मदुराईच्या अँथनी व्हिक्टर यांच्या कानावरचा केस 18.1 सेंटिमीटर लांब असल्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात आहे. आमच्या तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या मुलखातल्या वाचकांना एक आणखी सांगावंसं वाटतं. तेलुगू घरातले कृष्ण द्रोणमराजू हे तरुण शास्त्रज्ञ, जे. बी. एस. हाल्डेन यांचे विद्यार्थी, यांनी 1960 च्या सुमारास कानांवरच्या केसांची घराण्यागणिक नोंद घेतली. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला, आणि मुलींना कधीच नाही, असं दिसल्यावर हे लक्षण पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरून उतरतं असं मांडलं गेलं. ते शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत पोचलं. पुढे गुणसूत्रांची थेट तपासणी शक्य झाल्यावर, 2004 मध्ये दक्षिण भारतातल्याच केसाळ कानांच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र पाहिलं गेलं, आणि त्यात तसा संबंध सापडला नाही. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या बापाचे होते, माझे आहेत. गुणसूत्र काही का असेना."

हे बाहेरचे केस कापायला सोपे आहेत. तीन-चार आठवड्यांनी, डोक्याचे केस कापतानाच झाले तर उत्तम. कापताना भोकावर कापसाचा बोळा अलगद ठेवायचा, आत कोंबायचा नाही. मान त्या बाजूला झुकवायची, म्हणजे तुकडे खाली पडतात. बोळा का, ते काकांच्याच उदाहरणानं सांगतो. एकदा बोळा न लावता मी त्यांचे कानाचे केस कापले. रात्री ते म्हणाले, कानात कुणीतरी कागद चुरगाळतंय. जबडा हलला की खरखर. तेल घालायला निघाले होते, तेव्हा मी थांबवलं. सकाळी दवाखान्यात उजेड टाकून पाहिलं तर अर्ध्या सेंटिमीटरचा एक कापलेला केस कानाच्या पडद्याला टेकून उभा होता. पडद्याला नुसता स्पर्श झाला तरी तो आवाज होऊन ऐकू येतो. डॉक्टरांनी तो बारीक चिमट्यानं उचलला आणि खरखर त्याच क्षणी थांबली.

कानाच्या नळीच्या आतल्या केसांना मात्र कात्री लावायची नाही, ट्रिमरही नाही. नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात बारीक केस आणि मळ करणाऱ्या ग्रंथी असतात. नळीची कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते आणि मळ तिच्याबरोबर आपोआप बाहेर येतो. तिथे खरचटलं आणि पावसाळ्यात कान ओला राहिला, की बुरशी धरते. कान खाजतो, दडा बसतो, कधी काळे-पांढरे कण येतात. साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कानातलं साधं ओरखडणं हाडापर्यंत जाऊ शकतं; रात्री झोपू न देणारी कानाची ठणक आणि वाहणारा कान ही त्याची खूण. अशा वेळी तेल, लसणाचा रस, कापूस फिरवणं काही करायचं नाही, नांदेडची गाडी धरायची.

चिमटा अजून आमच्या घरी आहे, पण आता तो आरशामागे नसतो. काटे काढायच्या सुईबरोबर एका डब्यात असतो. आरशाशेजारच्या खिळ्याला गोल टोकांची कात्री लटकते आणि तिला लाल दोरा बांधलेला आहे, म्हणजे घरातलं दुसरं कुणी ती उचलत नाही.